किरणोत्सर्गी ऱ्हास, अर्धायुष्य आणि सक्रियता : एका उतरवून घेतलेल्या तक्त्याच्या आधारे विवेचन

सारांश :

पदवी स्तरावरील भौतिकशास्त्राच्या प्रात्यक्षिकांत किरणोत्सर्गी मूलद्रव्याचे अर्धायुष्य काढण्याचे उदाहरण बहुधा कार्यपत्रिकेतील गणनांच्या तक्त्यावरून सोडविले जाते. प्रस्तुत लेखात बेरियम-१३७ च्या अशाच एका तक्त्याचा विचार केला आहे. तक्ता वहीत उतरवून घेताना एक आकडा उलटा लिहिला गेला आणि तक्त्याखालची एक ओळ गळाली. या दोन चुकांपैकी उत्तरावर अधिक परिणाम कोणत्या चुकीचा होतो, ती ओळखावी कशी, आणि गणनेवरून सक्रियता काढताना आणखी कोणती माहिती लागते, याचे विवेचन येथे केले आहे.

१. प्रस्तावना :

आमच्या महाविद्यालयात ऱ्हासाचे प्रत्यक्ष प्रयोग करण्याची सोय सर्व तुकड्यांना मिळत नाही. त्यामुळे एका छापील कार्यपत्रिकेतील तक्ता विद्यार्थी वहीत उतरवून घेतात, आलेख काढतात व अर्धायुष्य लिहितात. एका वर्षी एकाच वर्गातील बहुतेक वह्यांमध्ये उत्तर १७९ सेकंद आले. स्वीकृत मूल्य १५३ सेकंद आहे. या फरकाचे कारण म्हणून सर्वांनी 'मानवी चूक' असे लिहिले होते आणि प्रस्तुत लेखकाने त्या वह्यांवर स्वाक्षरीही केली होती. काही वह्यांत मात्र पट्टी थोडी फिरवून नेमके १५३ आणलेले दिसले, तेव्हा मूळ कार्यपत्रिका पुन्हा काढून पाहणे भाग पडले.

मूळ पत्रिका आणि वही यांत दोन फरक आढळले. दुसऱ्या मिनिटाची गणना एका विद्यार्थ्याने चुकीची उतरवली होती व पुढे सर्वांनी त्याच्या वहीवरून ती घेतली होती. शिवाय तक्त्याच्या चौकटीखाली छापलेली पार्श्वगणनेची ओळ कोणीच उतरवली नव्हती, कारण ती तक्त्याचा भाग आहे असे कोणाला वाटले नाही. 'मानवी चूक' हे शब्द खरे होते. परंतु ती कोठे आहे व केवढी आहे हे त्यांतून कळत नव्हते. ते शोधण्याचा मार्ग त्या तक्त्यातच कसा उपलब्ध आहे, हे पुढे पाहू.

२. तक्त्यामागील प्रयोग :

तक्ता ज्या प्रयोगाचा आहे तो थोडक्यात असा. सीझियम-१३७ हे सुमारे ३०.१ वर्षे अर्धायुष्य असलेले समस्थानिक आयन-विनिमय करणाऱ्या पदार्थाच्या एका लहान स्तंभात धरून ठेवलेले असते. त्याच्या ऱ्हासातून बीटा कण बाहेर पडतो आणि सुमारे ९४ टक्के वेळा बेरियम-१३७ चे अणुकेंद्र उत्तेजित, अर्धस्थिर अवस्थेत तयार होते. हे केंद्र काही मिनिटांत ६६२ किलो-इलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जेचा गॅमा किरण देऊन स्थिर अवस्थेत येते. सौम्य हायड्रोक्लोरिक आम्ल मिसळलेले मिठाचे पाणी स्तंभातून सोडले की बेरियम त्याबरोबर बाहेर येते आणि सीझियम मागे राहते. हे काही थेंब लहान बशीत घेऊन गायगर-म्यूलर नळीखाली ठेवले की एका तासिकेत संपूर्ण ऱ्हास पाहता येतो.

मोजणी प्रत्येक मिनिटाच्या आरंभी ३० सेकंद केलेली आहे. उरलेली ३० सेकंदे नोंद करण्यासाठी आहेत. विद्यार्थ्यांच्या वह्यांतील तक्ता पुढीलप्रमाणे होता.

तक्ता क्र. १ : वहीत उतरवलेली गणना

| वेळ (मिनिटे) | ३० सेकंदांतील गणना |
|---|---|
| ० | ६५२ |
| १ | ४७८ |
| २ | ३१९ |
| ३ | २९९ |
| ४ | २१८ |
| ५ | १८७ |
| ६ | १३४ |
| ७ | ११८ |
| ८ | ९४ |
| ९ | ६६ |
| १० | ६४ |

आकडे क्रमाने उतरत जातात. वरवर पाहता त्यांत खटकण्यासारखे काही नाही.

३. ऱ्हासाचा नियम व अर्धायुष्य :

थोरियमपासून निघणाऱ्या वायूची किरणोत्सर्गिता सुमारे एका मिनिटात निम्मी होते, असे अर्नेस्ट रदरफोर्ड यांनी १९०० साली दाखविले. पुढे १९०२ मध्ये त्यांनी व फ्रेडरिक सॉडी यांनी एक मूलद्रव्य दुसऱ्यात रूपांतरित होते ही कल्पना मांडली. या सर्व निरीक्षणांमागे एकच गृहीतक आहे. प्रत्येक अणुकेंद्राची दर सेकंदाला ऱ्हास पावण्याची शक्यता ठरलेली असते आणि ती त्या केंद्राच्या वयावर अवलंबून नसते. ही शक्यता म्हणजे ऱ्हासांक λ. केंद्रांची संख्या N असेल, तर दर सेकंदाला होणारे ऱ्हास, म्हणजेच सक्रियता,

A = λN

आणि काळानुसार ती पुढीलप्रमाणे घटते :

A = A₀ e^(−λt)

सक्रियता निम्मी होण्यास लागणारा काळ, म्हणजे अर्धायुष्य, T = 0.693/λ इतका येतो. दोन्ही बाजूंचा नैसर्गिक लॉगॅरिथम घेतला तर ln A व t यांचा आलेख सरळ रेषा होते आणि तिच्या उताराचे परिमाण λ असते.

येथे एक गोष्ट लक्षात घ्यावी लागते. नळीने मोजलेली गणना ही सक्रियता नव्हे. ती सक्रियतेचा एक लहान अंश आहे. परंतु नमुना आणि नळी जागचे हलले नाहीत तर हा अंश प्रत्येक वेळी सारखाच राहतो. लॉगॅरिथम घेतल्यावर तो केवळ रेषेची उंची बदलतो, उतार बदलत नाही. म्हणून अर्धायुष्य काढण्यासाठी नळीची कार्यक्षमता माहीत असण्याची गरज पडत नाही. गुणाकाराच्या रूपात आलेली अज्ञात राशी अशी निघून जाते. बेरजेच्या रूपात आलेली मात्र निघून जात नाही. पार्श्वगणना ही अशी बेरजेची राशी आहे.

४. गळालेली ओळ : पार्श्वगणना

मूळ कार्यपत्रिकेत तक्त्याखाली 'पार्श्वगणना : १० मिनिटांत ४००' अशी ओळ होती. नमुना नसतानाही विश्वकिरण आणि भिंती, जमीन यांतील नैसर्गिक किरणोत्सर्गी द्रव्ये यांमुळे नळी मोजत राहते. १० मिनिटांत ४०० म्हणजे ३० सेकंदांत २० गणना. हा आकडा लहान वाटतो. पण त्याचा वाटा सारखा राहत नाही. आरंभीच्या ६५२ मध्ये तो ३ टक्के आहे, तर अखेरच्या ६४ मध्ये ३१ टक्के. बेरियम घटत जाते, पार्श्वगणना तशीच राहते. परिणामी लॉगॅरिथमचा आलेख शेवटी वर उचलला जातो, उतार मंद दिसतो आणि अर्धायुष्य खऱ्याहून जास्त येते.

हा दोष ओळखण्याची सोपी कसोटी अशी, की तक्त्याच्या पूर्वार्धावरून व उत्तरार्धावरून अर्धायुष्य स्वतंत्रपणे काढावे. पार्श्वगणना वजा न करता ० ते ५ मिनिटांत गणना ६५२ वरून १८७ वर आली. त्यांच्या लॉगॅरिथममधील फरक १.२४९; त्याला ५ ने भागले तर λ दर मिनिटाला ०.२४९८ आणि अर्धायुष्य १६७ सेकंद येते. ५ ते १० मिनिटांत १८७ वरून ६४ झाले. त्यावरून अर्धायुष्य १९४ सेकंद येते. एकाच पदार्थाचे अर्धायुष्य पाच मिनिटांत २७ सेकंदांनी वाढले, असा याचा अर्थ होईल. ऱ्हासांक केंद्राच्या वयावर अवलंबून नाही या गृहीतकाशी हे विसंगत आहे. म्हणून दोष मोजणीत शोधावा लागतो.

आता प्रत्येक गणनेतून २० वजा करू. ६३२, १६७ व ४४ या निव्वळ गणनांवरून पूर्वार्धाचे अर्धायुष्य १५६ सेकंद व उत्तरार्धाचेही १५६ सेकंद येते. दोन भागांनी एकमेकांना दुजोरा दिला. दोन्ही उत्तरे इतकी जुळावीत यात योगायोगाचा भाग आहे, हे पुढे अनिश्चिततेच्या विचारात दिसेल. परंतु वाढत जाण्याची प्रवृत्ती नाहीशी झाली, हे महत्त्वाचे.

पार्श्वगणना रिकाम्या बशीवर मोजावी की नमुना ठेवून, हाही प्रश्न आहे. स्तंभातून थोडे सीझियम बेरियमबरोबर निसटले तर ते काही मिनिटांत नाहीसे होत नाही. ते जणू पार्श्वगणनेतच भर घालते. त्यामुळे नमुना तसाच ठेवून अर्ध्या तासानंतर पुन्हा मोजणे श्रेयस्कर. तेवढ्या वेळात जवळजवळ बारा अर्धायुष्ये उलटतात आणि बेरियम सुमारे साडेतीन हजारांश उरते. त्या वेळची गणना आधीच्या पार्श्वगणनेएवढी आली तर स्तंभ चांगला आहे. ती स्पष्टपणे जास्त आली तर सीझियम निसटले आहे असे समजावे, आणि ही नंतरची गणनाच वजा करावी.

५. उलटा लिहिलेला आकडा :

पार्श्वगणना वजा करून वहीतील अकराही नोंदींवरून सर्वोत्तम सरळ रेषा काढली, तर अर्धायुष्य १५६ सेकंद येते. स्वीकृत मूल्यापासून हे केवळ ३ सेकंद दूर आहे. येथेच थांबले असते तर तक्त्यात चूक आहे हे कधीच कळले नसते. उत्तर बरोबर आले एवढ्यावरून तक्ता बरोबर ठरत नाही.

चूक शोधण्यासाठी प्रत्येक बिंदू रेषेपासून किती दूर आहे ते पाहावे लागते, आणि त्यासाठी 'किती दूर चालेल' याचे माप हवे. ऱ्हास ही यादृच्छिक घटना असल्याने गणनेचे प्रमाण विचलन हे त्या गणनेच्या वर्गमुळाएवढे असते. गणना ४०० अपेक्षित असेल तर ती साधारणतः २० ने वरखाली होईल. सुमारे दोन तृतीयांश वेळा ती ३८० ते ४२० च्या दरम्यान असेल.

आता दुसऱ्या मिनिटाची नोंद बाजूला ठेवून उरलेल्या दहा बिंदूंची रेषा काढली. तिच्यानुसार दुसऱ्या मिनिटाला निव्वळ गणना ३५९ व पार्श्वगणनेसह ३७९ असावयास हवी. ३७९ चे वर्गमूळ साडेएकोणीस. वहीतील ३१९ ही नोंद ६० ने, म्हणजे प्रमाण विचलनाच्या तिपटीने कमी आहे. केवळ यदृच्छेने एवढे अंतर पडण्याची शक्यता एका नोंदीसाठी हजारात तीनच्या आसपास असते. ती शून्य नाही, आणि आपण अकरा नोंदी तपासत आहोत हेही विसरता येत नाही. म्हणून एवढ्यावरून नोंद चुकीची आहे असा निकाल देता येत नाही. संशय घेता येतो आणि मूळ कागद पाहता येतो.

मूळ कार्यपत्रिकेत ३९१ हा आकडा होता. तो अपेक्षित ३७९ पासून फक्त १२ ने दूर आहे, म्हणजे एका प्रमाण विचलनाच्या आत. शेजारचे दोन अंक उलटसुलट लिहिले गेले की खऱ्या व चुकीच्या आकड्यांतील फरक नेहमी ९ ने भागला जातो, हे जमाखर्च तपासणाऱ्या वाणिज्य शाखेच्या सहकाऱ्यांना परिचित आहे. येथेही ३९१ व ३१९ यांतील फरक ७२ आहे आणि ७२ भागिले ९ बरोबर ८, जो ९ व १ या अंकांतील फरक होय. ही खूण चुकीचे स्वरूप सुचविते. परंतु केवळ तिच्या आधारे आकडा बदलू नये. मूळ कागद उपलब्ध नसेल तर नोंद आहे तशी ठेवून ती संशयास्पद असल्याचे लिहावे आणि तिच्यासह व तिच्याविना अशी दोन्ही उत्तरे द्यावीत.

या पद्धतीची मर्यादाही स्पष्ट आहे. पाचव्या मिनिटाचे १८७ हे १७८ असे उतरवले गेले असते, तर ९ चा तो फरक सुमारे १३ च्या स्वाभाविक विचलनात बुडून गेला असता. तक्ता स्वतःच्या लहान चुका उघड करू शकत नाही.

याच कसोटीची दुसरी बाजू वह्या तपासणाऱ्यास उपयोगी आहे. ज्या तक्त्यातील सर्व बिंदू काटेकोरपणे रेषेवर बसतात, तो मोजलेला असण्याची शक्यता कमी असते. शेकड्यातील गणना दहा-वीसने इकडेतिकडे गेलीच पाहिजे. साधारण एक तृतीयांश बिंदू एका प्रमाण विचलनाच्या बाहेर असणे हेच स्वाभाविक आहे. एकही नसेल तर आकडे उत्तरावरून मागे जाऊन तयार केले आहेत काय, असे विचारावे.

६. दुरुस्त तक्ता व अर्धायुष्याची अनिश्चितता :

दोन्ही चुका दुरुस्त केल्यावरचा तक्ता असा होतो.

तक्ता क्र. २ : निव्वळ गणना व तिचा लॉगॅरिथम

| वेळ (मिनिटे) | मूळ गणना | निव्वळ गणना | लॉगॅरिथम |
|---|---|---|---|
| ० | ६५२ | ६३२ | ६.४४९ |
| १ | ४७८ | ४५८ | ६.१२७ |
| २ | ३९१ | ३७१ | ५.९१६ |
| ३ | २९९ | २७९ | ५.६३१ |
| ४ | २१८ | १९८ | ५.२८८ |
| ५ | १८७ | १६७ | ५.११८ |
| ६ | १३४ | ११४ | ४.७३६ |
| ७ | ११८ | ९८ | ४.५८५ |
| ८ | ९४ | ७४ | ४.३०४ |
| ९ | ६६ | ४६ | ३.८२९ |
| १० | ६४ | ४४ | ३.७८४ |

बिंदू अकरा व वेळांतील अंतर समान असल्याने उतार हातानेही काढता येतो. पाचवे मिनिट मध्य धरावे. प्रत्येक लॉगॅरिथमला मध्यापासूनच्या अंतराने, म्हणजे −५ ते +५ या संख्यांनी, अनुक्रमे गुणून बेरीज करावी व तिला ११० ने भागावे. ११० ही त्याच अंतरांच्या वर्गांची बेरीज आहे. येथे बेरीज −३०.० येते आणि उतार −०.२७२७. म्हणून λ दर मिनिटाला ०.२७२७ व अर्धायुष्य २.५४ मिनिटे, म्हणजे सुमारे १५२.५ सेकंद.

हे उत्तर १५३ च्या इतके जवळ आहे म्हणून प्रयोग तितकाच अचूक आहे असे मात्र नव्हे. अखेरच्या नोंदीत निव्वळ गणना ४४ असून एकूण ६४ चे वर्गमूळ ८ आहे; म्हणजे त्या एका बिंदूत १८ टक्के अनिश्चितता आहे. सर्व बिंदूंची अनिश्चितता उतारापर्यंत नेली तर अर्धायुष्यात सुमारे ७ सेकंदांची अनिश्चितता येते. म्हणून उत्तर १५२ ± ७ सेकंद असे लिहिणे योग्य. रेषा काढताना अधिक गणना असलेल्या बिंदूंना अधिक भार दिला तर ही अनिश्चितता आणखी कमी करता येते.

या सात सेकंदांच्या मापाने दोन्ही चुका तोलता येतात. उलट्या आकड्याने उत्तर साडेतीन सेकंदांनी हलले. ते अनिश्चिततेच्या आत आहे. गळालेल्या ओळीने ते २३ सेकंदांनी हलले, म्हणजे अनिश्चिततेच्या तिपटीहून अधिक. शिवाय दोन्ही चुकांचा स्वभाव भिन्न आहे. उलटा आकडा एका ठिकाणी आघात करतो व इतर दहा बिंदू त्याला सावरतात. पार्श्वगणना सर्व बिंदूंना एकाच दिशेने ढकलते. प्रयोग शंभर वेळा करून सरासरी घेतली तरी ते उत्तर १५३ कडे सरकणार नाही.

७. गणनेकडून सक्रियतेकडे :

कार्यपत्रिकेचा दुसरा प्रश्न 'मोजणी सुरू होताना नमुन्याची सक्रियता किती?' असा होता. बऱ्याच विद्यार्थ्यांनी ६५२ ला ३० ने भागून २१.७ बेकरेल असे लिहिले. एक बेकरेल म्हणजे सेकंदाला एक ऱ्हास, परंतु २१.७ ही सेकंदाला नळीने मोजलेली गणना आहे, ऱ्हास नव्हेत. अर्धायुष्य काढताना जो अज्ञात अंश आपोआप निघून गेला होता, तो येथे प्रत्यक्ष मोजावा लागतो.

त्यासाठी पत्रिकेत एका प्रमाण स्रोताची माहिती दिली होती : सीझियम-१३७, चिठ्ठीवरील सक्रियता ३७ किलोबेकरेल, स्रोत १५ वर्षांपूर्वीचा, त्याच जागी ठेवून ५ मिनिटांत निव्वळ गणना १२,०००. दोन्ही मोजण्यांत नळी व स्रोत यांच्यामध्ये सुमारे दोन मिलिमीटर जाडीचा ॲल्युमिनियमचा पत्रा होता. सीझियमचे बीटा कण त्यात अडतात व नळीपर्यंत केवळ गॅमा किरण पोहोचतात. पत्रा नसता तर बीटा कणांची गणनाही मिसळली असती आणि तुलना निरर्थक झाली असती.

पहिली पायरी चिठ्ठीवरील तारखेची. १५ वर्षांत सीझियमची सक्रियता ३७ वरून ३७ × ०.७०८, म्हणजे २६.२ किलोबेकरेलवर आली. दुसरी पायरी, सीझियमच्या १०० ऱ्हासांमागे ६६२ किलो-इलेक्ट्रॉनव्होल्टचे सुमारे ८५ गॅमा किरण निघतात. म्हणून सेकंदाला सुमारे २२,२६० गॅमा किरण. नळीने त्यांपैकी सेकंदाला ४० मोजले. म्हणजे कार्यक्षमता ०.००१८, हजारात दोनपेक्षाही कमी गॅमा किरण मोजले जातात. बहुतेक किरण नळीच्या दिशेने जातच नाहीत, आणि जे जातात त्यांतील फार थोडे नळीत विद्युत्स्पंद निर्माण करतात.

तिसरी पायरी बेरियमची. पहिल्या एका नोंदीपेक्षा सर्व बिंदूंतून काढलेल्या रेषेवर विसंबणे बरे. रेषेनुसार आरंभीची निव्वळ गणना ६२२, म्हणजे सेकंदाला २०.७. अर्धस्थिर बेरियमच्या १०० ऱ्हासांमागे सुमारे ९० गॅमा किरण निघतात. उरलेल्या ऱ्हासांत ऊर्जा अणूतील इलेक्ट्रॉनला मिळते. म्हणून

A = 20.7 / (0.0018 × 0.90) ≈ 12,800 Bq

शेवटची पायरी सहज निसटते. ६२२ ही पहिल्या ३० सेकंदांतील गणना असल्याने ही सक्रियता त्या ३० सेकंदांच्या मध्याची, म्हणजे पंधराव्या सेकंदाची आहे. सर्व नोंदी पंधरा सेकंदांनी सारख्याच सरकलेल्या असल्यामुळे उतारावर याचा परिणाम झाला नव्हता. सक्रियतेवर मात्र होतो. पंधरा सेकंद मागे जाण्यासाठी १.०७ ने गुणावे लागते. त्यामुळे मोजणी सुरू होतानाची सक्रियता सुमारे १३.७ किलोबेकरेल. λ दर सेकंदाला ०.००४५४ असल्याने त्या वेळी बशीत उत्तेजित बेरियमची सुमारे ३० लाख केंद्रे होती. एवढ्या अणूंचे वस्तुमान ग्रॅमच्या अब्जाव्या भागाच्याही दशलक्षांशाहून कमी भरते. कोणत्याही तराजूला जे दिसणार नाही ते येथे एकेक करून मोजले गेले.

चिठ्ठीवरील ३७ किलोबेकरेल हा आकडा तारीख न पाहता वापरला असता तर बेरियमची सक्रियता १३.७ ऐवजी १९ किलोबेकरेलहून अधिक, म्हणजे ४१ टक्क्यांनी जास्त आली असती. ही चूक ओळखण्यास तक्ता काहीच मदत करत नाही. पार्श्वगणनेची चूक आलेखाच्या वळणात दिसते, उलटा आकडा रेषेपासूनच्या अंतरात दिसतो. परंतु कार्यक्षमतेतील चूक सर्व बिंदूंना एकाच प्रमाणात गुणते, रेषा सरळच राहते आणि अर्धायुष्यही बरोबर येते. ती टाळण्याचा उपाय एकच. स्रोताची तारीख, त्याची जागा व मध्ये ठेवलेला पत्रा यांची नोंद गणनेसोबतच करणे. नमुना बशीऐवजी परीक्षानळीत घेतला तरी ०.००१८ हा आकडा लागू होत नाही, कारण नळीपासूनचे अंतर व द्रवाचा आकार दोन्ही बदलतात.

८. निष्कर्ष :

(१) पार्श्वगणना वजा न केल्यास अर्धायुष्य जास्त येते. तक्त्याच्या पूर्वार्ध व उत्तरार्धावरून काढलेल्या अर्धायुष्यांची तुलना केल्यास हा दोष उघड होतो. प्रस्तुत उदाहरणात ती १६७ व १९४ सेकंद आली, आणि पार्श्वगणना वजा केल्यावर दोन्ही १५६ सेकंद झाली.

(२) एका नोंदीतील चूक अंतिम उत्तरात दिसेलच असे नाही. ती रेषेपासूनच्या अंतराची गणनेच्या वर्गमुळाशी तुलना करून शोधावी आणि मूळ कागद पाहिल्याखेरीज आकडा बदलू नये.

(३) अर्धायुष्यासाठी गणनांचे गुणोत्तर पुरते. सक्रियतेसाठी कार्यक्षमता, प्रमाण स्रोताची तारीख, प्रति ऱ्हास गॅमा किरणांचे प्रमाण आणि मोजणीच्या कालावधीचा मध्य या चारही गोष्टी लागतात.

आता आमच्या वर्गात तक्ता उतरवताना चौकटीबाहेरच्या ओळी प्रथम उतरवल्या जातात : पार्श्वगणना, मोजणीचा कालावधी, स्रोताची तारीख आणि मांडणी. त्यानंतर आकडे. एकाने वाचायचे व दुसऱ्याने लिहायचे, मग लिहिणाऱ्याने परत वाचून दाखवायचे, असा क्रम ठेवला आहे. 'मानवी चूक' हे शब्द वहीत आजही येतात; परंतु त्यांच्यापुढे ती कोणत्या नोंदीत आहे आणि किती सेकंदांची आहे, हे लिहिल्याशिवाय स्वाक्षरी होत नाही.